‘तिला निवडली गेली’ की ‘तिला निवडले गेले’?

प्रश्न: ‘समितीकडून तिला अध्यक्ष म्हणून निवडली गेली’ असं वाक्य मी लिहिलं. कर्म स्त्रीलिंगी आहे, म्हणून क्रियापदही स्त्रीलिंगी ठेवलं. सहकारी म्हणतात, ‘निवडले गेले’ हवं. कर्मणीत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं ना? मग माझं चुकलं कुठे?

नियम तुम्हाला बरोबर आठवतोय, पण त्याची अर्धीच बाजू. कर्मणीत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, मात्र ते कर्म प्रथमेत असेल तरच, म्हणजे त्याला प्रत्यय लागलेला नसेल तर. ‘ती’ला ‘ला’ चिकटला की क्रियापदाची तिच्याशी असलेली बांधिलकी संपते. ते मग कोणाच्याच लिंगवचनाकडे पाहत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं. व्याकरणात याला भावे प्रयोग म्हणतात. तेव्हा ‘ती अध्यक्ष म्हणून निवडली गेली’ बरोबर, ‘तिला अध्यक्ष म्हणून निवडले गेले’ हेही बरोबर. तुमच्या वाक्यात दोन्हींची अर्धी-अर्धी जोड झाली आहे: कर्म दुसऱ्या वाक्यातलं, क्रियापद पहिल्यातलं. प्रमाण लेखनात ते चालणार नाही.

आता ही जोड होते का, ते पाहू. मला वाटतं, यामागे दुसऱ्याच एका बरोबर वाक्याचा प्रभाव असतो. ‘तिला संधी दिली गेली’, ‘तिला शिष्यवृत्ती दिली गेली’ ही वाक्यं आपण सतत वाचतो. त्यांत ‘तिला’ आहे, पुढे ‘दिली गेली’ आहे आणि दोन्ही बिनचूक आहेत. पण इथलं ‘दिली’ हे ‘तिला’मुळे स्त्रीलिंगी झालेलं नाही. ‘संधी’ आणि ‘शिष्यवृत्ती’ हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, म्हणून झालं आहे. खात्री करायची तर व्यक्ती बदलून पाहा: ‘त्याला संधी दिली गेली’, ‘सगळ्यांना संधी दिली गेली’. क्रियापद जागचं हललं नाही. आता संधीऐवजी ‘पुरस्कार’ ठेवा: ‘तिला पुरस्कार दिला गेला’. लगेच बदललं. देणे, सांगणे, शिकवणे अशा क्रियापदांना दोन कर्मं असतात. त्यांतलं ‘ला’ लागलेलं कर्म क्रियापदाला हात लावत नाही, प्रत्यय नसलेलं कर्मच त्याला वळवतं. ‘निवडणे’ला तुमच्या वाक्यात कर्म एकच आहे आणि त्यालाच ‘ला’ लागला आहे. वळवायला कोणी उरलंच नाही.

‘आरोपीला अटक करण्यात आली’ हे वाक्यही याच घरातलं. आरोपी पुरुष असो, बाई असो, दहा जण असोत, ‘आली’ कायम राहतं, कारण ते ‘अटक’ या शब्दाशी जुळतं. मात्र ‘आरोपीला पकडण्यात आले’ यात अटकेसारखं नाम नाही, म्हणून तिथे ‘आले’. एकाच बातमीत ही दोन्ही वाक्यं लागोपाठ आली तरी त्यांत विसंगती नाही.

इथे लिपीचाही थोडा दोष आहे. छापील मराठीत ‘निवडले गेले’ हे एकच रूप दोन कामं करतं: नपुंसकलिंगी एकवचनाचं आणि पुल्लिंगी अनेकवचनाचं. ‘तीन उमेदवार निवडले गेले’ आणि ‘तीन उमेदवारांना निवडले गेले’ या वाक्यांतली क्रियापदं कागदावर सारखी दिसतात. त्यामुळे दुसऱ्या वाक्यातलं क्रियापदही उमेदवारांच्या अनेकवचनाला धरून आहे, असा समज होतो. मग उमेदवार स्त्रिया असल्या की हात आपोआप ‘मुलींना निवडल्या गेल्या’ लिहून जातो. यावर साधा उपाय म्हणजे वाक्य बोलून पाहणं. ‘तीन उमेदवार निवडले गेले’ हे आपण जसंच्या तसं बोलतो, पण दुसरं तोंडात येतं ते ‘उमेदवारांना निवडलं गेलं’ असं. जिथे बोलताना ‘लं’ येतं तिथे नपुंसकलिंगी एकवचन आहे, लिहिताना त्याला ‘ले’ केलं तरी. या कसोटीवर ‘मुलींना निवडलं गेलं’ टिकतं आणि ‘मुलींना निवडल्या गेल्या’ पडतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. बोलण्यात ‘ला’ असूनही क्रियापद कर्माशी जुळवून घेतं, असं खूपदा होतं. ‘बाबांनी मुलीला गाडीत बसवली’, ‘मी तिला पाहिली’ हे अनेकांच्या तोंडी असतं. व्याकरणकारांनी त्याला मोडीत न काढता ‘कर्म-भाव संकर’ असं नावही दिलं आहे. तुमच्या कानाला ‘तिला निवडली गेली’ खटकलं नाही, त्याचं मूळ इथेही असू शकेल. पण हा संकर शोभतो तो ‘ने’वाल्या, बोलीच्या वाक्यात. ‘कडून’ आणि ‘गेली’ वापरून रचलेलं वाक्य औपचारिकच असतं, त्यात ही मोकळीक नको. माझं तरी हेच मत आहे.

मग दोन बरोबर वाक्यांतलं कोणतं घ्यायचं? व्यक्ती ठरलेली, ओळखीची असेल तर मराठीला ‘ला’ लावायला आवडतं, त्यामुळे ‘तिला निवडले गेले’ किंवा ‘तिला निवडण्यात आले’ हे सहज वाटतं. निर्जीव वस्तूंचं उलट आहे. ‘पुस्तके निवडली गेली’ हे सरळ, ‘पुस्तकांना निवडले गेले’ अवघडलेलं. तुमच्या मजकुरासाठी मी ‘अध्यक्षपदी तिची निवड करण्यात आली’ असं लिहीन. इथे ‘आली’ निवडीशी जुळते, तिच्याशी नाही. आणि निवड कोणी केली हे सांगायचंच असेल, तर ‘समितीने तिला अध्यक्ष म्हणून निवडले’ यासारखं सुटसुटीत काही नाही. फक्त ‘समितीने तिला निवडण्यात आले’ अशी भेसळ करू नका. ‘ने’ आला की ‘निवडले’, ‘निवडण्यात आले’ हवं असेल तर ‘समितीकडून’.

‘ला’ नसलेल्या रचनेत आणखी एक गंमत आहे. क्रियापदाचे दोन्ही तुकडे कर्माशी जुळतात, पण वेगवेगळ्या अंगाने. पहिला तुकडा विशेषणासारखा चालतो, तो फक्त लिंगवचन पाहतो. दुसरा पुरुषही पाहतो. म्हणून स्त्री म्हणेल ‘मी निवडली गेले’. ‘निवडली गेली’ नव्हे, कारण ‘मी’ला ‘गेले’ लागतं. समोरच्या मुलीला म्हणू ‘तू निवडली गेलीस’, आणि स्त्रियांचा गट स्वतःबद्दल म्हणेल ‘आम्ही निवडल्या गेलो’. भविष्यकाळात ‘जाईल’वरून लिंग कळत नाही, पण पहिला तुकडा ते सोडत नाही: ‘ती निवडली जाईल’, ‘तो निवडला जाईल’. आणि ‘ला’ लावलात की हे सगळं एका फटक्यात थांबतं: मला, तुला, तिला, आम्हाला, सर्वांना ‘निवडले जाईल’.