दिवाळीचा फोटो, मेचा फोटो आणि भिंतीची भेग

प्रश्न: आमचं जुळे सोलापुरात जुनं घर आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी भेग गेली आहे. दिवाळीत काढलेला आणि आत्ता मेमध्ये काढलेला फोटो शेजारी ठेवले तर भेग दुप्पट दिसते. दोन्हींत शेजारचा लाइटचा बोर्ड आला आहे. भेग खरंच वाढतेय का? इंजिनिअरला बोलवावं का?

उत्तर:

फोटो बाजूला ठेवून आधी भिंतीपाशी जा आणि काही गोष्टी बघा. भेग भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच जागी आहे का? भेगेवरून आडवं नख फिरवल्यावर एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आलेली लागते का? त्या खोलीचं दार किंवा खिडकी अलीकडे घासायला लागली आहे का? भेग कुठे 5 मिमीपेक्षा रुंद आहे का, किंवा भिंतीला पोट आलंय का? कॉलम-बीमचं घर असेल तर कॉलम किंवा बीमलाच उभी भेग, त्यातून गंजाचे डाग, असं काही दिसतं का? यातलं एकही असेल तर फोटोंची तुलना करत बसू नका, या आठवड्यातच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नुसता कॉन्ट्रॅक्टर किंवा गवंडी नको. भेग बुजवून देणं हे त्याचं काम, ती का पडली हे सांगणं त्याचं काम नाही.

यातलं काही नसेल तर तुमचे दोन फोटो उपयोगाचे आहेत, आणि बोर्ड दोन्हींत आला ही फार चांगली गोष्ट झाली. बोर्ड अजून भिंतीवरच आहे, म्हणून त्याची रुंदी आज मोजता येते. समजा ती 150 मिमी आहे. आता दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडा. माउस फिरवला की खाली पिक्सेलचे आकडे बदलतात. बोर्डाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती पिक्सेल होतात ते बघा, मग भेगेच्या ठरावीक जागी तिची रुंदी किती पिक्सेल आहे ते बघा. जागा दोन्ही फोटोंत तीच हवी, म्हणजे रंगाचा एखादा पोपडा किंवा खिळ्याचं भोक अशी ओळखू येणारी खूण धरा.

दिवाळीच्या फोटोत बोर्ड 900 पिक्सेल आणि भेग 9 पिक्सेल आली असं धरू. 900 भागिले 150, म्हणजे एका मिलिमीटरला 6 पिक्सेल. भेग झाली दीड मिलिमीटर. मेचा फोटो तुम्ही काळजीने जवळ जाऊन काढला असणार, सगळेच तसं करतात. त्यात बोर्ड 1650 पिक्सेल आणि भेग 22 पिक्सेल आली, तर एका मिलिमीटरला 11 पिक्सेल आणि भेग 2 मिलिमीटर. स्क्रीनवर 9 आणि 22 शेजारी आले की भेग अडीचपट दिसते. भिंतीवर मात्र फरक अर्ध्या मिलिमीटरचा.

तो अर्धा मिलिमीटरही पक्का धरू नका. भेगेची कड फोटोत नेमकी कुठे संपते हे ठरवताना दोन पिक्सेल इकडे-तिकडे होतातच. जुन्या फोटोत त्याचा अर्थ 0.3 मिमी, नव्यात सुमारे 0.2. म्हणजे जुनी भेग 1.2 ते 1.8 च्या मध्ये कुठेतरी आणि नवी 1.8 ते 2.2 च्या मध्ये. भेग एका मिलिमीटरने वाढलेली असू शकते, किंवा अजिबात वाढलेली नसू शकते. त्यात एक फोटो बाजूने ऊन येत असताना काढला असेल तर भेगेच्या कडेची सावलीसुद्धा भेगेतच मोजली जाते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोजायला घेऊ नका, त्याचे पिक्सेल कमी झालेले असतात. मूळ फाइल घ्या.

आता खरा मुद्दा, आणि तो आपल्या सोलापूरच्या मातीचा आहे. जुळे सोलापूर काय, होटगी रोड काय, बऱ्याच जुन्या घरांचा पाया काळ्या मातीत आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मेमध्ये शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्याच मातीवर घराचा कोपरा टेकलेला असतो. घराच्या मधली माती झाकलेली असते, तिचा ओलावा फारसा हलत नाही. कडेची माती वाळते आणि कोपरा खाली बसतो, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग उन्हाळ्यात उघडते, बहुतेक वेळा वरच्या टोकाला जास्त. सप्टेंबरपर्यंत माती भिजली की कोपरा उचलला जातो आणि भेग मिटत येते. दिवाळीत जमिनीत पावसाची ओल असते, मेमध्ये ती संपलेली असते. त्यामुळे तुमच्या दोन फोटोंमधला फरक खरा असला तरी तो ऋतूचा असू शकतो. भेग दरवर्षी पुढे सरकतेय का, हे दिवाळीचा फोटो पुढच्या दिवाळीच्या फोटोशी आणि मेचा पुढच्या मेच्या फोटोशी लावल्यावरच कळतं.

हे मी आईच्या घरात शिकलो. मी सिव्हिल डिप्लोमा करून बरीच वर्षं साइटवर काढली आहेत, पण स्वतःच्या घरातली भेग रोज डोळ्यांसमोर असली की घाई होते. होटगी रोडच्या बाजूला तिचं घर आहे, विटांचं, भिंतींवरच स्लॅब टेकलेला, पाया काळ्या दगडाचा. नैर्ऋत्येच्या खोलीत तुमच्यासारखीच भेग. एका मेमध्ये आई म्हणाली, "अरे, बोट जाईल एवढी झालीय, बुजवून टाक." गवंड्याने व्ही आकारात खरवडून सिमेंटने भरली. भेग सगळ्यात जास्त उघडलेली असताना ती कडक मालाने भरली, ही चूक झाली. पावसाळ्यात भेग मिटायला आली तर मध्ये पाचर. ऑगस्टमध्ये जुन्या भेगेपासून दोन इंचावर नवी भेग आली आणि आधीची नोंद गिलाव्याखाली गेली ती वेगळीच. तुम्ही निदान वर्षभर भेग बुजवू नका, रंगही लावू नका.

पुढच्या मेमध्ये मी मोजायची पद्धत बदलली. भेगेची रुंदी मोजायची सोडली, कारण तिच्या कडा झडतात आणि झडलेली कड म्हणजे वाढलेली भेग असं वाटतं. त्याऐवजी भेगेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून इंचभर अंतर सोडून, गिलाव्याच्या आत विटेपर्यंत ड्रिल करून प्लग आणि स्क्रू बसवले. दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने घेतलं. व्हर्नियर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, 0.1 मिमीपर्यंत सहज वाचता येतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहिली. मोजायची वेळ सकाळी सात, कारण दुपारी स्लॅब तापून फुगतो आणि वरच्या भेगांचं माप बदलतं. फोटोही त्याच वेळी, फोन 1x वर ठेवून, भिंतीसमोर सरळ उभं राहून काढायचा आणि स्टीलची पट्टी भेगेशेजारी भिंतीला टेकवून धरायची. हाताचं अंतर प्रत्येक वेळी बदललं तरी पट्टी फोटोत आहे म्हटल्यावर फरक पडत नाही.

पहिल्या मेमध्ये अंतर आलं 60.0. सप्टेंबरअखेर 58.8, जानेवारीत 59.2. तेव्हा आईला वाटलं भेग मिटली. पुढच्या मेमध्ये 60.4 आणि त्या सप्टेंबरला 59.3. नुसता सप्टेंबर ते मे बघितला तर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त उघडली असं दिसतं आणि धडकी भरते. पण मे ते मे वाढ 0.4, सप्टेंबर ते सप्टेंबर 0.5. ऋतूचा झोका मोठा होता, पण त्याच्याखाली दरवर्षी थोडी वाढ शिल्लक राहत होती आणि दोन्ही जोड्या तेच सांगत होत्या. म्हणून मी त्या दिवाळीनंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. वाढ शून्याच्या आसपास असती तर अजून एक वर्ष नुसतं मोजत राहिलो असतो.

त्यांच्यापुढे मी आकडे आणि फोटो ठेवले. त्यांनी पहिली गोष्ट भिंत नाही, बाहेरचं अंगण बघितलं. कोपऱ्यापासून आठ फुटांवर आमचं कडुनिंबाचं झाड आहे, तीस वर्षांत चांगलंच वाढलेलं. कोपऱ्यालगत खड्डा घेतल्यावर दिसलं की पाया साडेचार फुटांवर काळ्या मातीतच थांबलाय, मुरूम त्याच्या बराच खाली लागतो. मुळं थेट पायाच्या खालपर्यंत आलेली. झाड दरवर्षी मोठं होतं, उन्हाळ्यात तिथली माती आधीपेक्षा खोल वाळते आणि कोपरा पूर्ण वर येत नाही. शिवाय उघड्या भेगेत वाळूचे कण पडतात, ते तिला नीट मिटू देत नाहीत.

मला वाटलं होतं ते झाड तोडायला सांगतील. ते म्हणाले, "एकदम तोडलंत तर वाळलेली माती पाणी ओढून फुगेल आणि हाच कोपरा वर ढकलेल." म्हणून फांद्या दोन टप्प्यांत कमी केल्या. घराभोवती पाच फुटांचा उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा टाकला, म्हणजे कडेची माती ना उन्हाळ्यात फार वाळते ना पावसात फार भिजते. गच्चीचं पाणी कोपऱ्यात पडायचं, ते पाइपने लांब सोडलं. तिसऱ्या मेमध्ये अंतर 60.3 आलं. त्यानंतरच्या डिसेंबरात, भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली असताना, विटांच्या सांध्यांत स्टीलच्या सळ्या बसवून भिंत शिवून घेतली.

तुमच्याकडे मधला काळ आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत स्क्रू बसवून पहिलं माप घ्या, कारण सध्या भेग वर्षातली सगळ्यात उघडी असते. सप्टेंबरअखेर दुसरं घ्या. दिवाळीत तुमच्या जुन्या फोटोच्याच जागेवरून, बोर्डासकट, आणखी एक फोटो काढा आणि बोर्डाच्या हिशेबाने मोजा. जुन्या फोटोतून तुमचं जे माप येईल, वरच्या उदाहरणात 1.2 ते 1.8, त्याच्या वर भेग गेली, किंवा मधल्या काळात भेग पेन्सिलच्या रेघेपलीकडे सरकली, तर फोन लावा. कोपऱ्यापासून झाड, बाथरूमचा चेंबर किंवा बोअरचं सांडपाणी किती फुटांवर आहे, हेही फूटपट्टीने मोजून लिहून ठेवा. इंजिनिअर आले की पहिलं हेच विचारतील.