डीबीआर जर्मनमध्ये करताना भाषा बदलायची, कोड नाही

"दादा, मी साताऱ्याचा, सिव्हिल करून चार वर्षं एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे आहे. जर्मनीत अप्लाय करतोय, तिथल्या ऑफिसने कामाचा नमुना मागितलाय. कोयनानगरच्या जी प्लस ४ बिल्डिंगचा माझा डीबीआर, म्हणजे डिझाईन बेसिस रिपोर्ट, जर्मनमध्ये कसा करू? ग्रेड, लोड कॉम्बिनेशन, क्लॉज सगळं युरोकोडमध्ये बदलायचं का?"

नाही, बदलायचं नाही. ती बिल्डिंग आयएस कोडवर डिझाईन झालीय, तर जर्मन कागदावर पण ती आयएस कोडवरचीच दिसली पाहिजे, फक्त वाक्यं जर्मन. तू ग्रेड बदललीस किंवा कॉम्बिनेशनचे फॅक्टर बदललेस की ते भाषांतर राहत नाही, ते वेगळं डिझाईन होतं आणि त्याचं कॅल्क्युलेशन तुझ्याकडे नसतं. हे मी स्वतः चुकून शिकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सांगलीचा, विश्रामबागचा. जर्मनीत येण्याआधी कृष्णेकाठच्या एका बिल्डिंगचा डीबीआर मी जर्मन करून एका ऑफिसला पाठवला होता. त्यात काँक्रीट एम३० होतं आणि मी सरळ सी३०/३७ लिहिलं, कारण तीस म्हणजे तीस असं वाटलं. इंटरव्ह्यूला बसलेल्या माणसाने माझ्या कॉलमचं कॅल्क्युलेशन उघडलं, शेजारी कॅल्क्युलेटरवर दोन आकडे काढले आणि शांतपणे विचारलं की ग्रेड एक आणि स्ट्रेस दुसराच कसा. मला उत्तर देता आलं नाही. ती नोकरी गेली आणि घरी येऊन मी पहिल्यांदा नीट वाचलं की `fck` हे चिन्ह दोन्हीकडे तेच असलं तरी अर्थ वेगळा आहे.

आपल्या आयएस ४५६ मध्ये `fck` म्हणजे १५० मिमीच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद, साइटवर आपण भरतो तोच क्यूब. युरोकोडमध्ये `fck` म्हणजे सिलिंडरची ताकद, १५० व्यासाचा आणि ३०० उंचीचा. सिलिंडर उंच असतो, मशीनच्या प्लेटच्या घर्षणाने जी पकड मिळते ती त्याच्या मधल्या भागापर्यंत पोचत नाही, म्हणून तेच काँक्रीट सिलिंडरमध्ये कमी आकड्याला फुटतं. सी२५/३० मधला पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा क्यूबचा. म्हणजे एम३० च्या जवळची ग्रेड सी२५/३० आहे, सी३०/३७ नाही. डिझाईनच्या ताकदीचा हिशोब बघ म्हणजे चूक किती मोठी आहे ते कळेल (जर्मनीत काँक्रीटला ०.८५ चा गुणक घेतात):

```
M30      0.67 x 30 / 1.5 = 13.4 N/mm2
C25/30   0.85 x 25 / 1.5 = 14.2 N/mm2
C30/37   0.85 x 30 / 1.5 = 17.0 N/mm2
```

पहिल्या दोन ओळी जवळजवळ आहेत. तिसरी पहिलीपेक्षा २७ टक्के जास्त, आणि मी नेमकी तिसरी लिहिली होती. समोरच्याला वाटणार की एक तर याला काँक्रीट कळत नाही किंवा हा आकडे फुगवतोय. तेव्हा तुझ्या डीबीआरमध्ये "एम३०, आयएस ४५६:२०००" असंच ठेव आणि शेजारी एक ओळ टाक की क्यूबची ताकद ३०, साधारण सी२५/३० सारखं. "साधारण" हा शब्द सोडू नकोस.

स्टीललाही तेच. फे ५००डी चं बी५००बी करायचा मोह होतो, कारण दोन्हीकडे ५०० आहे आणि १.१५ चा फॅक्टर पण सेम. पण बी५००ए आणि बी५००बी मधलं ते शेवटचं अक्षर डक्टिलिटीचं आहे, आणि डक्टिलिटीच्या अटी दोन्ही कोडात हुबेहूब त्याच नाहीत. म्हणून "फे ५००डी, आयएस १७८६:२००८ नुसार" लिही आणि यील्ड ५०० सांगून पुढे जा.

आता लोड कॉम्बिनेशन. तुझ्या डीबीआरमध्ये टेबल असेल त्यात १३ ओळी असतील, एक डेड अधिक लाईव्हची आणि बाकी भूकंपाच्या चार दिशांच्या, १.२ ची चार, १.५ ची चार आणि ०.९ डेडची चार. जर्मन टेबलात पण १३ च ओळी हव्यात, तेच फॅक्टर, तोच क्रम. युरोकोडमध्ये डेडला १.३५ आणि लाईव्हला १.५ असतो आणि ते तिथल्या माणसाच्या तोंडात इतकं बसलेलं असतं की तू १.५ लिहिलंस तर तो टायपिंगची चूक समजू शकतो. म्हणून टेबलावरच्या हेडिंगमध्ये "फॅक्टर आयएस ४५६ टेबल १८ आणि आयएस १८९३ प्रमाणे" हे स्पष्ट पाहिजे. फरक किती पडतो बघ, एखाद्या कॉलमवर डेड ९०० आणि लाईव्ह ३०० किलोन्यूटन धर. आपल्याकडे दीडपट केलं की १८०० होतात. युरोकोडने १२१५ आणि ४५० मिळून १६६५ होतात. म्हणजे त्या ओळीपुरता आपला लोड जास्त आहे, आणि तू फॅक्टर बदलून १६६५ लिहिलेस तर पुढच्या पानावरच्या फूटिंगचा साइज जुळणार नाही, आणि जो वाचतो त्याला ते लगेच दिसतं.

शब्दांमध्ये इथेच एक गल्लत होते. जर्मनमध्ये "लास्टफाल" म्हणजे एक लोड केस, नुसता डेड किंवा नुसता वारा. तेरा ओळींतली प्रत्येक ओळ "लास्टफालकोंबिनात्सिओन" आहे. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळीकडे "लास्टफाल" लिहिलं होतं, वाचणाऱ्याला वाटलं आम्ही तेरा वेगवेगळे लोड धरलेत. डेड लोडला "श्टेंडिगे आइनविर्कुंग", लाईव्हला "नुत्सलास्ट" लिही, फ्लोअर फिनिश आणि पार्टिशनला "आउसबाउलास्ट", म्हणजे स्लॅबच्या वजनापासून ते वेगळं दिसतं.

सगळ्यात जास्त लक्ष भूकंपाच्या पानावर दे. आयएस १८९३:२०१६ प्रमाणे कोयनानगर झोन ४, `Z` ०.२४. तिकडे १९६७ च्या डिसेंबरमध्ये काय झालं ते आपल्या घरातल्या मोठ्यांना अजून आठवतं, पण जर्मनीतल्या बहुतेक इंजिनियरनी भूकंपाचं डिझाईन फार कमी केलेलं असतं, त्यामुळे ते आकडा जसा दिसतो तसाच वाचणार. युरोकोडमध्ये जमिनीचं जे ॲक्सेलरेशन असतं ते थेट डिझाईनला घेतात. आपला `Z` तसा नाही, तो सगळ्यात मोठ्या धरलेल्या भूकंपाचा आहे आणि सूत्रातच त्याला दोनने भागलेलं असतं:

```
Ah = (Z/2) x (I/R) x (Sa/g)
   = 0.12 x (1/5) x 2.5 = 0.06
```

यात `I` १, `R` ५ आणि `Sa/g` २.५ धरलंय, तुझ्या बिल्डिंगचे तुझे टाक. तू जर `Z` चं भाषांतर "जमिनीचं डिझाईन ॲक्सेलरेशन ०.२४ जी" असं केलंस तर वाचणारा भूकंप दुप्पट धरेल, आणि मग तुझा बेस शिअर निम्माच का निघाला असं विचारेल. म्हणून `Z` ला `Z` च ठेव, "झोन फॅक्टर" असं म्हण आणि खाली हे पूर्ण सूत्र लिही. `R` ला पण युरोकोडचा `q` लिहू नकोस. दोन्ही काम साधारण एकच करतात, पण `q` सोबत भूकंपाच्या लोडला १.० चा फॅक्टर असतो आणि आपल्याकडे १.५ चा, त्यामुळे ५ च्या जागी ५ ठेवून चालत नाही.

क्लॉजचे नंबर जसेच्या तसे ठेव, पण वर्ष प्रत्येक ठिकाणी लिही आणि भाषांतर करताना प्रत्येक क्लॉज कोड उघडून बघ. आपल्याकडे डीबीआर जुन्या प्रोजेक्टवरून कॉपी होतो हे तुलाही माहीत आहे. आयएस १८९३ मध्ये बेस शिअर मजल्यांवर वाटायचा क्लॉज २००२ च्या आवृत्तीत ७.७.१ होता, २०१६ मध्ये तो ७.६.३ झाला आणि त्या आवृत्तीत ७.७ वर डायनॅमिक ॲनालिसिस आहे. तुझ्या पहिल्या पानावर २०१६ लिहिलंय आणि आत "७.७.१ नुसार वाटप" आलं की समज जुनं पान राहिलंय. ते गुपचूप दुरुस्त करू नकोस. मूळ डीबीआर ज्यांनी सही केला त्यांना दाखव, मूळ दुरुस्त होऊ दे, मग भाषांतर कर. कव्हरचा क्लॉज २६.४.२ लिहिताना पण "मॉडरेट" एक्स्पोजरला युरोकोडची एक्ससी क्लास चिकटवू नकोस, "मॉडरेट, आयएस ४५६ टेबल ३" एवढंच पुरे.

शेवटी एक अगदी बारीक वाटणारी पण घातक गोष्ट. जर्मनीत दशांशाला कॉमा आणि हजाराला टिंब. आपण "1,500 kN" लिहितो ते तिकडे दीड किलोन्यूटन वाचलं जातं, आणि "1.500" हे दीड हजार. फूटिंगच्या लोडच्या टेबलात हे झालं तर बिल्डिंग हवेत उभी आहे असं दिसतं. एक्सेलमधून टेबल पेस्ट केलंस तर आकडे आपोआप बदलत नाहीत, प्रत्येक कॉलम हाताने बघ. मी हजाराचं चिन्ह काढूनच टाकतो, "1500" ठेवतो, आणि दशांशाला कॉमा करतो. लाखाचे कॉमे तर अजिबात ठेवू नकोस.

आणि पाठवायच्या आधी तुझ्या सरांची आणि क्लायंटची लेखी परवानगी घे, नाव, गट नंबर आणि ड्रॉइंगवरची सही झाकून टाक. शपथबद्ध ट्रान्सलेटर लागतो तो मार्कशीट आणि डिग्रीला, डीबीआरला मला तरी कोणी मागितला नाही, आणि तसंही त्याला एम३० म्हणजे काय ते माहीत नसतं, हे काम तुझंच आहे. कॉम्बिनेशनचं टेबल आणि भूकंपाचं पान झालं की मला पाठव, मी कॉमे आणि शब्द बघून देतो.