वारा उजवीकडे वळतो, मग वादळ डावीकडे का फिरते?

प्रश्न: उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात असे पुस्तकात आहे. मग आपल्याकडची चक्रीवादळे घड्याळाच्या उलट दिशेने कशी फिरतात? आणि दक्षिणेत ती सुलट का?

दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. पहिलीतूनच दुसरी निघते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेले निसर्ग वादळ डोळ्यांसमोर ठेवू.

पृथ्वी फिरते तेव्हा अलिबागची जमीन नुसती पूर्वेकडे सरकत नाही, ती स्वतःभोवती वळतेही. ध्रुवावर हे वळणे तासाला १५ अंश असते, विषुववृत्तावर शून्य, आणि १८ अंश अक्षांशावर सुमारे साडेचार अंश. वरून पाहिल्यास ते घड्याळाच्या उलट असते. सेकंदाला २० मीटर वेगाने निघालेली हवा तासाभरात ७२ किलोमीटर जाते. तिला कोणी ओढले नाही तर ती सरळच जाईल, पण खालची जमीन तेवढ्यात वळल्यामुळे आपल्याला ती सुमारे सहा किलोमीटर उजवीकडे गेलेली दिसेल. निघण्याची दिशा कोणतीही असली तरी हेच होते. यालाच कोरिओलिस परिणाम म्हणतात.

आता वादळाच्या केंद्रात दाब कमी, म्हणून हवा चहूबाजूंनी आत धावते. उत्तरेकडून येणारी हवा दक्षिणेकडे तोंड करून असते. तिची उजवी बाजू पश्चिम, त्यामुळे ती केंद्र चुकवून त्याच्या पश्चिमेने खाली जाते. दक्षिणेकडून येणारी पूर्वेने वर जाते. कागदावर हे दोन बाण काढून पाहा: पश्चिमेला खाली, पूर्वेला वर, म्हणजे घड्याळाच्या उलट फेरा. केंद्राचा ओढा तिला सतत डावीकडे आत खेचत राहतो, म्हणून ती दूर निघून न जाता घिरट्या घालते. निसर्गच्या वेळी केंद्राच्या उत्तरेला असलेल्या मुंबईकडे वारा मुख्यतः जमिनीकडून, तर दक्षिणेला समुद्राकडून येणार, हे याच फेऱ्यावरून सांगता येते.

दक्षिण गोलार्धात वरून पाहता जमीन घड्याळाच्या दिशेने वळते. हवा डावीकडे चुकते आणि वरचे दोन्ही बाण उलटतात. मार्च २०१९ मध्ये मोझांबिकच्या बेइराजवळ धडकलेले इडाई तसेच सुलट फिरत होते.

विषुववृत्ताजवळ जमीन वळतच नाही, त्यामुळे आत आलेली हवा केंद्र न चुकवता थेट पोकळी भरून टाकते. साधारण पाच अंशांच्या आत वादळे क्वचितच बनतात. डिसेंबर २००१ मधले वामेई सुमारे दीड अंशावर बनले, हा गाजलेला अपवाद.

मोरीतल्या भोवऱ्याचा दाखला मात्र कोणी देऊ नये. सेकंदाला दहा सेंटीमीटर वेगाने जाणारे पाणी दहा सेकंदांत या परिणामामुळे जेमतेम पाव मिलिमीटर बाजूला सरकेल. बादली ओतताना बसलेला हिसका त्याहून कितीतरी मोठा असतो.