फोनसंवादाचा विभाजित पडदा: आधी एक बाजू पक्की करा

फोनवर बोलणारी दोन पात्रे पडद्याच्या दोन भागांत एकाच वेळी दाखवायची असतील, तर संवादाची लय ज्या पात्राच्या हाती आहे, त्याची बाजू आधी चित्रित करा आणि तिचा निवडलेला टेक दुसऱ्या नटाला इअरपीसमधून ऐकवा. नुसत्या वाचून दाखवलेल्या वाक्यांवर थांबे चुकतात, आणि दोन्ही चौकटी एकाच वेळी दिसत असल्याने ते संकलनात लपवता येत नाहीत.

१९५९ च्या ‘पिलो टॉक’ या चित्रपटात दोन वेगळ्या न्हाणीघरांतील पात्रांच्या पायांचे तळवे मधल्या रेषेवर टेकल्यासारखे दिसतात. असा स्पर्श हवा असेल, तर पहिला टेक मॉनिटरवर अर्धपारदर्शक ठेवा आणि कॅमेऱ्याची उंची, अंतर व लेन्स तीच राखा.

दोन्ही खोल्यांचे आवाज सारख्याच जोराने ठेवल्यास माझ्या मते गोंगाटच होतो. बोलणाऱ्याची खोली किंचित वर आणा.