श्रावणात डाळ-टोमॅटोसुद्धा सोडला, तरी गाउटचा दुसरा झटका कसा आला?

प्रश्न: वय ४७, पुरुष. गटारीच्या दुसऱ्या रात्री उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा लालभडक सुजला, चादरीचा स्पर्शही सहन होईना. डॉक्टरांनी गाउट सांगितलं, पण तेव्हाचं युरिक ॲसिड ६.४ म्हणजे नॉर्मल आलं. मागच्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत ते ८.६ होतं. मग मटण, मासे, बिअर, डाळी, पालक, टोमॅटो सगळं बंद केलं, श्रावणी सोमवारही कडक धरले. तरी तिसऱ्या सोमवारनंतर पुन्हा झटका. बीपीची गोळी चालू आहे (टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र). आता आणखी काय सोडू?

उत्तर:

आणखी काही सोडू नका. उलट डाळ, पालक आणि टोमॅटो ताटात परत घ्या. मी फिजिशियन आहे आणि गाउटचे रुग्ण नेहमी बघतो. तुमच्या प्रश्नात उत्तराचे बहुतेक धागे आधीच आहेत, फक्त ते अन्नापेक्षा दुसरीकडे जास्त जातात.

आधी ६.४ आणि ८.६ या आकड्यांचं बघू. युरिक ॲसिड रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत विरघळलेलं राहतं. त्याच्या वर गेलं की सांध्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक हळूहळू साठू लागतात. साखरेचा पाक गार झाला की कडेला खडे धरतात, तसंच इथेही थंडाव्याला महत्त्व आहे. पायाचा अंगठा शरीराच्या मध्यापेक्षा थंड असतो, म्हणून पहिला मान बहुधा त्याचा. हे साठणं दुखत नाही आणि ते एका रात्रीत होत नाही. पुरुषांमध्ये युरिक ॲसिड वयात येताना वाढतं, तेव्हापासून हिशेब सुरू होतो आणि झटका चाळिशी-पन्नाशीत येतो. बायकांना पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेनचं संरक्षण असतं, त्याने मूत्रपिंडं युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकतात.

म्हणजे गटारीच्या ताटाने तुम्हाला गाउट दिला नाही. तो आधीच सांध्यात बसलेला होता, ताटाने फक्त त्याला डिवचलं. सांध्यात शांत पडलेले स्फटिक सुटे झाले की पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून गिळायला जातात आणि त्यातून तो भयानक दाह पेटतो. स्फटिक सुटे व्हायला युरिक ॲसिड अचानक वाढणं हे एक कारण, आणि अचानक उतरणं हे दुसरं. हा दुसरा भाग फार कमी लोकांना माहीत असतो, आणि पुढे औषधाच्या वेळी तोच तुमच्या कामाला येणार आहे.

झटका चालू असताना मूत्रपिंडं नेहमीपेक्षा जास्त युरिक ॲसिड बाहेर टाकतात, त्यामुळे नेमकं त्या दिवशी रक्तातला आकडा खाली दिसू शकतो. म्हणून तुमचा ६.४ हा दिलासा नाही. झटका पूर्ण शमल्यावर निदान दोन आठवड्यांनी तपासलेला आकडा खरा धरायचा. माझा अंदाज, तो मागच्या वर्षीच्या ८.६ च्या आसपासच येईल. आणखी एक गोष्ट: लॅबच्या कागदावर ‘७.२ पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं असतं, ते सर्वसाधारण लोकांसाठी. ज्याच्या सांध्यात स्फटिक आहेत त्याच्यासाठी मर्यादा वेगळी, ६ च्या खाली.

याची उलट बाजूही सांगतो, कारण ऑफिसच्या तपासणीत ७.८ आलं म्हणून घाबरलेले लोक रोज येतात. नुसता आकडा वाढलेला असणं म्हणजे गाउट नव्हे. हजारो लोकांच्या एकत्रित अभ्यासात, ज्यांचं युरिक ॲसिड १० किंवा त्याहून जास्त होतं, त्यांच्यापैकीही जेमतेम निम्म्यांना १५ वर्षांत गाउट झाला. कधीच झटका आला नसेल, मुतखडा नसेल, तर केवळ आकड्यासाठी सहसा गोळी लागत नाही. तुमचं मात्र तसं नाही.

आता खाणं. शरीरातलं बहुतेक युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या रोजच्या मोडतोडीतून तयार होतं, जेवणातून येणारा वाटा लहान. आणि गाउटच्या दहापैकी साधारण नऊ रुग्णांची खरी अडचण जास्त तयार होणं ही नसून मूत्रपिंडांनी कमी बाहेर टाकणं ही असते, जी बरीचशी आनुवंशिक आहे. अतिशय कडक पथ्याने आकडा साधारण १ ने उतरतो. तुमचा हिशेब करा: ८.६ मधून १ गेला तर ७.६. म्हणजे अजूनही ६.८ च्या वरच. इतकं पथ्य पाळूनही स्फटिक साठतच राहणार.

डाळ, पालक, फ्लॉवर, मशरूम यांत प्युरिन, म्हणजे ज्याच्या मोडतोडीतून युरिक ॲसिड बनतं तो घटक, असतं हे खरं, म्हणूनच ती नावं बंदीच्या यादीत गेली. पण अमेरिकेतल्या ४७ हजारांहून जास्त पुरुषांना १२ वर्षं तपासून २००४ मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला, पण प्युरिन असलेल्या भाज्या खाणाऱ्यांना नाही. दूध-दही घेणाऱ्यांना तर कमी झाला. टोमॅटोत मुळात प्युरिन फारसं नसतंच. तेव्हा मटण-मासे बंद करून वर डाळही काढली तर माणूस भात-बटाट्यावर येतो आणि वजन वाढतं, जे गाउटला जास्त पोषक आहे. वरण-भाताने कुणाला गाउट झालेला मी पाहिलेला नाही.

खरोखर सांभाळायचं ते वेगळंच. बिअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात प्युरिनही असतं आणि मद्य मूत्रपिंडांचं काम अडवतं. व्हिस्की कमी वाईट आहे, पण निरुपद्रवी नाही. मग कलेजी, पाया, सुकट, तारली, बांगडा यांचं प्रमाण. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते म्हणजे साखर घातलेली शीतपेयं आणि पाकिटातले फळांचे रस. त्यातली फ्रुक्टोज यकृतात फुटताना थेट युरिक ॲसिड तयार होतं. अंगठा धरून बसलेला माणूस ‘मी तर दारूला शिवतही नाही’ म्हणत आंब्याचं गोड पेय पीत असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर मग श्रावणात झटका का? कडक उपवासात शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारे कीटोन मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात. त्यात दिवसभर पाणी कमी प्यालात, तर आणखी भर. उपवास सोडल्यावर आकडा पुन्हा खाली. असा वरखाली झोका बसला की बसलेले स्फटिक सुटे होतात. झटपट वजन उतरवणाऱ्यांनाही याच कारणाने झटके येतात. उपवास करायचाच असेल तर फलाहार आणि भरपूर पाणी घेऊन करा. निर्जळी मात्र नको.

पण माझा सगळ्यात मोठा संशय तुमच्या बीपीच्या गोळीवर आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध युरिक ॲसिड शरीरात अडकवून ठेवतं. टेल्मिसार्टनचा त्यात दोष नाही. गोळी मनाने बंद करू नका, बीपी भडकेल. डॉक्टरांना एवढंच विचारा: लघवीच्या औषधाऐवजी ॲम्लोडिपिन चालेल का, किंवा टेल्मिसार्टनच्या जागी लोसार्टन? लोसार्टन स्वतःच युरिक ॲसिड थोडं उतरवतं. हृदयासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू असेल तर तीही थोडं वाढवते, पण ती गाउटसाठी थांबवायची नाही.

वर्षात दोन झटके म्हणजे कायमच्या औषधाची वेळ झाली. इथेच बहुतेकांचं गाडं घसरतं. ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमने सुरू करतात (मूत्रपिंडं कमजोर असतील तर ५० ने), मग महिन्याभराने रक्त तपासून १०० वाढवतात, पुन्हा तपासतात, आकडा ६ च्या खाली येईपर्यंत. कुणाला २०० पुरतात, कुणाला ४०० लागतात. आपल्याकडे १०० लिहून दिली जाते, वर्षभर तपासणी होत नाही, झटके चालू राहतात आणि रुग्ण म्हणतो गोळीचा उपयोग नाही. ॲलोप्युरिनॉल चालत नसेल तर फेब्युक्सोस्टॅट असतं. हृदयविकार असेल तर ते घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटका येऊ शकतो. आकडा उतरतोय, स्फटिक विरघळताना सुटे होतायत, म्हणून. बरेच जण इथेच ‘गोळीने त्रास वाढला’ म्हणून सोडतात. हे टाळायला सुरुवातीचे ३ ते ६ महिने सोबत कोल्चिसीन ०.५ मिलिग्रॅम रोज देतात. तरी झटका आलाच तर ॲलोप्युरिनॉल थांबवू नका, झटक्याचं औषध वरून घ्या. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर मात्र गोळी लगेच बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ही प्रतिक्रिया क्वचित येते, पण जिवावर बेतू शकते.

झटक्याचं औषध जितक्या लवकर तितकं बरं: कोल्चिसीन १ मिलिग्रॅम आणि तासाने ०.५, किंवा नॅप्रॉक्सेनसारखी सूज उतरवणारी गोळी, किंवा काही दिवस प्रेडनिसोलोन. तुमच्यासाठी यातलं कोणतं हे मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, शुगर आणि बीपी बघून ठरतं, म्हणून डॉक्टरांकडून ते आधीच लिहून घेऊन घरात ठेवा. कोल्चिसीनने जुलाब सुरू झाले तर मात्रा जास्त होतेय असं समजा. सांध्यावर बर्फ चालतो. शेक आणि मालिश करू नका.

आकडा ६ च्या खाली राहिला तर जुने स्फटिक विरघळायला महिने, कधी वर्षं लागतात. वर्षभर झटका नाही म्हणून गोळी बंद केली तर काही महिन्यांत युरिक ॲसिड पूर्वपदावर जातं आणि साठवण पुन्हा सुरू होते. म्हणून स्थिर झाल्यावरही सहा महिन्यांनी एकदा युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन बघत राहायचं.

शेवटी एक: सांधा सुजलाय, थंडी वाजून ताप आहे आणि नेहमीच्या औषधाने एक-दोन दिवसांत उतार नाही, तर गाउटच असेल असं धरून घरी थांबू नका. सांध्यात पू झाला तरी तो असाच दिसतो, आणि त्यातलं पाणी सुईने काढून तपासल्याशिवाय फरक कळत नाही.