मेट्रनचा मेमो आला, म्हणून राजीनामा?

*'मुलगी जीएनएम करून दीड वर्ष खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वारंवार उशीर होतो म्हणून मेट्रननी लेखी ताकीद दिली. त्यातल्या एका दिवशी तर ती वेळेत पोचली होती; पेशंटला सीटी स्कॅनला न्यायला पाठवलं, म्हणून हजेरीचा पंच राहिला. रेकॉर्ड खराब होण्याआधी राजीनामा देते म्हणते. पत्राचा फोटो सोबत आहे.' – एक वडील, नाशिक*

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. खरं सांगू? चांगलं लिहिलंय. 'बेजबाबदार', 'नेहमीच' असा एकही शब्द त्यात नाही. सात तारखा आहेत, प्रत्येकीपुढे पंचची वेळ आहे आणि दहा मिनिटांची सवलत आधीच वजा केली आहे. १४ तारखेला सिस्टर-इन्चार्जनी तोंडी समज दिली होती, त्या नोंदीखाली मुलीची सही आहे. तिचं म्हणणं तीन दिवसांत लेखी मागवलंय. म्हणजे तिला स्वतःची बाजू मांडायची संधी आहे.

मुलीला बहुधा २१ तारखेची ओळ लागली असेल. त्या दिवशी ती ८:४० ला आली. तोवर नाइटची सिस्टर पेशंटची माहिती सोपवायला, म्हणजे ओव्हर द्यायला थांबून होती आणि आठचं अँटिबायोटिक पावणेनऊला गेलं. बारा तास उभी राहिलेली बाई घरी जाऊ शकत नाही, म्हणून वॉर्डात उशिराचा मेमो निघतो. 

आता उत्तर. सहा तारखा सरळ मान्य कराव्यात. सातवीबद्दल एवढंच लिहावं: 'या दिवशी मी वेळेत वॉर्डात हजर होते. पेशंटला सीटी स्कॅनला नेल्यामुळे पंच ८:३५ ला झाला. वॉर्डचं ओव्हर बुक व सीटी विभागाचं रजिस्टर पाहावं.' आधी ती दोन्ही पानं तिने स्वतः बघून घ्यावीत. तिथे नोंद नसेल, तर त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या सिस्टरचं नाव द्यावं. एका तारखेसाठी सगळंच पत्र खोटं ठरवायला गेली, तर उरलेल्या सहांचं उत्तर कोण देणार?

मग कारण, एका वाक्यात. तुम्ही लिहिलंय की तिची बस आठला पाच कमी असताना स्टँडवर लागते आणि तिथून चालत पंधरा मिनिटं. म्हणजे बस वेळेवर आली तरी ती सवलतीच्या काठावरच पोचते. आधीची बस धरणार, की दोन महिने दुपारची ड्युटी मागणार, हे तिने ठरवून लिहावं. 'यापुढे काळजी घेईन' या वाक्याला मेट्रनच्या टेबलावर काही किंमत नसते.

पत्रावर सही करायला घाबरू नका. 'मिळाले' असं लिहून तारीख घालावी. मिळाल्याची सही म्हणजे कबुली नव्हे. हा मेमो रुग्णालयाच्या फाइलीत राहतो, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशी त्याचा संबंध नाही. राजीनामा दिला, तर फाइलीत बिनउत्तराचा मेमो राहील आणि नोटीस पीरियड न भरल्यास रिलीव्हिंग लेटरही अडेल. पुढच्या मुलाखतीत पहिल्यांदा तेच मागतात.

उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसची पोच घ्यायला सांगा.