टॉवरला होकार देण्याआधी कंपनीला लिहायचं पत्र

प्रश्न : ठाण्यातली आमची सात मजली सोसायटी 31 वर्षांची आहे, 28 सदनिका. एका मोबाइल कंपनीच्या वतीने आलेला माणूस गच्चीवर टॉवर लावू म्हणतो. महिना 25,000 रुपये भाडं, दर तीन वर्षांनी 15 टक्के वाढ, 15 वर्षांचा करार. ‘वजन फारसं नाही, रेडिएशनचा त्रास नाही, सांगाल तेव्हा काढून देऊ’ असं तोंडी सांगतो आणि संमतीपत्रावर माझी सही मागतो. वरच्या मजल्यावरचे सभासद घाबरलेत, खजिनदारांना भाडं हवंय. सर्वसाधारण सभेआधी कंपनीकडून खुलासा मागायचा आहे. पत्रात काय लिहू? – एक सचिव

उत्तर : सर्वांत आधी, त्या संमतीपत्रावर सही करू नका. गच्ची सोसायटीची आहे आणि ती बाहेरच्या कंपनीला वापरायला द्यायची की नाही, हे सर्वसाधारण सभाच ठरवू शकते. सचिवाची एकट्याची सही सोसायटीला बांधील धरू नये, हे खरं. पण उद्या वाद झाला की तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो आणि तुम्हाला खुलासे देत बसावं लागतं.

पत्र कशासाठी लिहायचं, ते आधी सांगतो. अशा करारांच्या छापील मसुद्यात शेवटी एक कलम असतं : याआधी झालेली सर्व बोलणी आणि आश्वासनं रद्द, हा करार म्हणजेच संपूर्ण समझोता. पुरावा कायद्याचाही साधारण रोख असा की लेखी कराराच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं ऐकलं जात नाही. म्हणजे ‘सांगाल तेव्हा काढून देऊ’ या वाक्याला सही झाल्या दिवसापासून काहीच किंमत उरत नाही. म्हणून उत्तरं लेखी घ्या आणि ती कराराचं परिशिष्ट होतील, हे पत्रातच लिहा.

पालिका बघून घेईल, या भरवशावरही राहू नका. केंद्राच्या राइट ऑफ वे नियमांत 2022 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून खासगी इमारतीवरच्या टॉवरसाठी स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीऐवजी कंपनीने काम सुरू करण्याआधी लेखी कळवायचं आणि इमारत सुरक्षित असल्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडायचा, अशी पद्धत आली. त्यामुळे खरी चाळणी तुमच्या सोसायटीतच लागायला हवी.

पत्र साधारण असं लिहा :

‘आपल्या प्रतिनिधीने दिलेल्या प्रस्तावासंदर्भात हे पत्र आहे. हे पत्र किंवा गच्चीच्या पाहणीस दिलेली मुभा म्हणजे सोसायटीची संमती नव्हे. खालील बाबींवर अधिकृत सहीनिशी लेखी उत्तर 21 दिवसांत मिळावे. उत्तर आल्यावरच विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल आणि करार झाल्यास ही उत्तरे त्याचे परिशिष्ट मानली जातील.

करार मोबाइल कंपनी करणार की टॉवर उभारणारी वेगळी कंपनी? आपल्या प्रतिनिधीस दिलेले अधिकारपत्र जोडावे. सुरुवातीला किती अँटेना बसतील? पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या अँटेना वाढवायच्या झाल्यास सोसायटीची नव्याने लेखी संमती घेणार का, आणि भाडे किती वाढेल?

गच्चीवर नेमके काय येणार आहे? खांब की जाळीचा मनोरा, त्याची उंची, बॅटऱ्या, उपकरणांची कपाटे व जनरेटर यांचे एकूण वजन आणि ते कोणत्या कॉलमवर येईल याचा नकाशा द्यावा. सोसायटीने नेमलेल्या इंजिनिअरकडून त्याची तपासणी करून घेतली जाईल. तिचा खर्च आपण द्याल का?

विद्युतचुंबकीय क्षेत्राबाबत दूरसंचार विभागाची सध्याची मर्यादा कोणती आणि या जागी अंदाजे किती पातळी येईल? अँटेनांची तोंडे कोणत्या दिशेला असतील आणि त्यांच्या समोर समान उंचीवर कोणती इमारत येते? मर्यादा पाळत असल्याच्या आपल्या स्वप्रमाणपत्राची प्रत सोसायटीला केव्हा मिळेल?

इमारतीची मोठी दुरुस्ती किंवा पुनर्विकास ठरल्यास सोसायटीच्या 90 दिवसांच्या नोटिशीनंतर आपण विनामोबदला टॉवर काढून गच्ची पूर्ववत कराल का?’

यातल्या दोन मुद्द्यांवर तुम्ही अडून बसावं, असं माझं मत आहे. पहिला वजनाचा. मनोऱ्याचा भार लोखंडी गर्डरमधून थेट कॉलमच्या डोक्यावर उतरला पाहिजे, स्लॅबवर नाही. गर्डर टेकवण्यासाठी गच्चीचा ब्रिकबॅट कोबा फोडून कॉलमपर्यंत जावं लागतं आणि वॉटरप्रूफिंग नेमकं तिथेच तुटतं. पहिल्या पावसात वरच्या मजल्याच्या छताला, बीम आणि स्लॅबच्या सांध्याशी ओल दिसली, तर कारण तिथेच शोधा. उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या माथी येते, म्हणून करारात ही जबाबदारी नाव घेऊन कंपनीवर टाका आणि त्यासाठी परत मिळणारी अनामत मागा. तुमची इमारत तिशी ओलांडलेली आहे. आदर्श उपविधींनुसार अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं ऑडिट त्याहून जुनं असेल, तर आधी ते करून घ्या. अहवालात कॉलमची दुरुस्ती सुचवली असेल तर टॉवरचा विषय तिथेच थांबवा.

दुसरा मुद्दा बाहेर पडण्याचा. मसुद्यात बहुधा असं दिसेल की कंपनी 60 दिवसांच्या नोटिशीने निघून जाऊ शकते, पण सोसायटी 15 वर्षं बांधलेली. तुमच्या इमारतीचं वय पाहता या 15 वर्षांत पुनर्विकासाचा विषय येणारच आणि टॉवर हटत नाही म्हणून विकासकासमोर सोसायटी अडकेल. उलट बाजूला भाड्याचा हिशेब मांडा. वर्षाचे 3 लाख 28 सदनिकांत वाटले तर सदनिकेमागे महिन्याला सुमारे 893 रुपये पडतात. हे आयकरापूर्वीचे, कारण हे पैसे बाहेरच्याकडून येतात आणि त्यावर सभासदांच्या वर्गणीसारखी सूट नाही. एवढ्यासाठी पुनर्विकासाची वाट अडवणं मला परवडणारं वाटत नाही. खजिनदारांना हा आकडा सभेआधीच दाखवा.

रेडिएशनबद्दल घाबरलेल्या सभासदांना टाळू नका. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश मर्यादा लागू केली. अँटेनाचा मुख्य झोत समोर, जवळपास आडवा जातो. त्यामुळे थेट खालच्या सदनिकेपेक्षा समोरच्या तेवढ्याच उंच इमारतीत, किंवा गच्चीवर अँटेनासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे जास्त पातळी पोचते. पापड-कुरडया वाळवायला, पतंग उडवायला लोक गच्चीवर जात असतील, तर अँटेनासमोरचा भाग कुंपणाने बंद करण्याची अट घाला. टॉवर सुरू झाल्यावर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून मोजणीची मागणी करता येते. ते शुल्क कंपनीने द्यावं, असं लिहून घ्या. मात्र मर्यादा पाळणारा टॉवर नुसत्या भीतीच्या आधारे नंतर कोर्टातून हटवणं कठीण असतं, त्यामुळे नकार द्यायचा असेल तर तो आताच द्या.

पत्र त्या माणसाच्या हाती देऊ नका. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, सोबत ईमेलही करा. त्यामुळे हा माणूस खरंच कंपनीचा आहे का, तेही कळेल. टॉवरच्या नावाने आगाऊ शुल्क उकळणारे भामटे फिरत असतात. दूरसंचार नियामक ट्राय टॉवरसाठी कोणतीही ना-हरकत देत नाही आणि कुणी तुमच्याकडेच पैसे मागितले तर पोलिसांत तक्रार द्या.

उत्तर आलं की ते सभेच्या नोटिशीसोबत प्रत्येक सभासदाला द्या. विषयपत्रिकेत टॉवर हा स्वतंत्र विषय असावा, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात तो घुसवू नका. ठराव झाला तर त्यात भाडं, मुदत आणि पत्रातली उत्तरं शब्दशः नोंदवा, मग करार नोंदणीकृत करा. 90 दिवसांत टॉवर काढण्याच्या प्रश्नाला कंपनीने बगल दिली, तर विषय सभेपुढे नेण्याआधी तेवढ्याच प्रश्नाचं दुसरं पत्र पाठवा.